‘घरमा इचारीसन सांगसु’ नंतरचे चार सेकंद

जळगावात ठिबक सिंचनाच्या एका वितरकाकडे मी विक्रीचं काम बघतो. आमची पोरं शेतकऱ्यांना फोन लावतात, क्षेत्र आणि पीक विचारतात, अंदाज सांगतात आणि जमलं तर शेतावर माप घ्यायला माणूस पाठवायची वेळ ठरवतात. कांदेबागेच्या केळीची लागवड साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटापासून फोनचा हंगाम सुरू होतो आणि नवा माणूस नेमका तेव्हाच हाताशी येतो. त्याला शिकवायचं कसं? सगळे सांगतात, त्याचे कॉल ऐका आणि चुका सांगा. मी कित्येक वर्षं तेच केलं. चुका सांगायचो, पोरगा मान डोलवायचा, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक त्याच आवाजात पुन्हा ऐकू यायची.

कॉल ऐकण्यात चूक नव्हती. ऐकून झाल्यावर मी जे करायचो त्यात होती.

गेल्या हंगामात आलेल्या एका पोराचं उदाहरण घेतो. अमळनेरकडचा, कृषी पदविका झालेला, अहिराणी बोलणारा. पहिल्या दोन आठवड्यांनंतर मी त्याचा एक कॉल ऐकला आणि कागदावर अकरा मुद्दे काढले. बोलण्याचा वेग जास्त, नाव नीट सांगितलं नाही, भाव लवकर सांगितला, ओळींतलं अंतर विचारलं नाही, मोटर किती अश्वशक्तीची ते विचारलं नाही, शेवट ढिला, असे. त्याला समोर बसवून अकराच्या अकरा वाचून दाखवले आणि शेवटी म्हणालो, ‘‘थोडा कॉन्फिडन्स वाढव.’’ दुसऱ्या दिवशी त्याचे कॉल आधीपेक्षा वाईट झाले. प्रत्येक वाक्याआधी अडखळायला लागला. शेतकरी बोलत असताना हा बहुतेक माझी यादी आठवत असावा.

हा काही माझ्या एकट्याचा अनुभव नाही. १९९६ साली क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी अभिप्रायावरचे तोवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र मांडून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी त्याचं जे कारण मांडलं, ते मला त्या पोराच्या तोंडावर दिसलं होतं. माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, ‘मी कसा दिसतोय, मला जमतंय की नाही’ इकडे वळलं, की अभिप्राय उपयोगी पडत नाही. ‘कॉन्फिडन्स वाढव’ हे वाक्य लक्ष नेमकं तिकडेच ढकलतं. शिवाय त्यात करण्यासारखं काहीच नाही. कॉन्फिडन्स वाढल्यावर तो नेमकं कोणतं वाक्य बोलेल, हे मलाही सांगता आलं नसतं.

तेव्हापासून मी स्वतःला एक कसोटी लावली. जे सांगणार आहे ते पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये कानाला ऐकू येईल का? ‘शेतकऱ्याशी आपुलकीने बोल’ हे ऐकू येत नाही. ‘भाव सांगायच्या आधी ओळींतलं अंतर विचार’ हे येतं. ऐकू येत नसेल तर मोजता येत नाही, आणि मोजता येत नसेल तर बदललं की नाही यावर फक्त वाद होतो.

अकरा मुद्द्यांचं मग काय करायचं? ते खोटे नव्हते. पण चाळून पाहिल्यावर लक्षात आलं की त्यातले बरेचसे शिकवण्याचे मुद्दे नव्हतेच, ते माहितीचे होते. ओळींतलं अंतर घ्या. केळीत दोन ओळींमध्ये पाच फूट अंतर असेल तर एकरी साधारण २,६५० मीटर नळी लागते. तेच अंतर सहा फूट असेल तर सुमारे २,२०० मीटर. म्हणजे अंतर न विचारता सांगितलेला भाव हा भावच नाही. पोराला हे माहीतच नव्हतं. यासाठी समोर बसवून कॉल ऐकवायची गरज नसते. मी एका पुठ्ठ्यावर चार प्रश्न लिहिले: पीक, ओळींतलं अंतर, पाणी कुठून, लाईट रात्रीची की दिवसाची. तो पुठ्ठा फोनसमोर टेकवून ठेवला. तीन दिवसांत तो मुद्दा मिटला. माहिती नसल्यामुळे होणारी चूक कागदाने सुटते. माहिती असूनही जीभ वळते तिकडेच वळते, ती सवय असते आणि तिला वेगळा इलाज लागतो.

सवय ओळखायला एक कॉल पुरत नाही. मी त्याचे सहा कॉल ऐकले, मुद्दाम वेगवेगळ्या दिवसांचे आणि वेळांचे. त्यातले दोन चांगले झालेले होते. फक्त बिघडलेले कॉल ऐकले की माणूस सगळीकडेच बिघडलेला वाटायला लागतो. सहापैकी चार कॉलमध्ये शेतकऱ्याने शेवटी एकच वाक्य म्हटलं होतं, शब्द थोडे इकडेतिकडे. ‘‘घरमा इचारीसन सांगसु.’’ म्हणजे घरात विचारून सांगतो. चारही वेळा आमचा पोरगा सेकंदाच्या आत म्हणाला होता, ‘‘बरं दादा, सांगा मग,’’ आणि फोन ठेवला होता.

खान्देशात फोनवर काम करणाऱ्याला हे वाक्य दिवसातून दहादा ऐकायला मिळतं. कधी ते खरंच घरी विचारायचं असतं. बरेचदा मात्र ते एखाद्या अडचणीवर घातलेलं पांघरूण असतं. सरळ ‘नको’ म्हणणं आपल्याकडे जड जातं, विशेषतः समोरचा पोरगा गोड बोलत असला तर. त्या पांघरुणाखाली काय आहे हे कळलं नाही, तर दुसऱ्या फोनला बोलायला काहीच उरत नाही. ‘‘दादा, विचारलं का घरी?’’ एवढंच म्हणता येतं, आणि त्यावर ‘‘नाही अजून’’ एवढंच उत्तर येतं.

मी हा एकच मुद्दा धरला. तो वारंवार येत होता, पूर्णपणे त्याच्या हातात होता आणि कानाला ऐकू येत होता. बाकीचे मुद्दे मी माझ्या वहीत ठेवले, त्याला दाखवले नाहीत. हे जड गेलं, खोटं कशाला बोलू. दिसलेली चूक न सांगता गप्प बसणं वरिष्ठाला फार अवघड असतं.

बैठक कशी घेतली ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी गडबड तिथेच होते. कॉल आदल्या दिवशी संध्याकाळचा होता, चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा, चार एकर केळी. आठवडाभर जुना कॉल घेतला तर पोराला त्या वेळी मनात काय चाललं होतं ते आठवत नाही, आणि मग तो तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी रचून सांगतो. पूर्ण सात मिनिटांचा कॉल ऐकवला नाही. शेवटचं दीड मिनिट ऐकवलं. आम्ही दोघंच होतो, दार लावलेलं. दार लावलेलं असण्याला माझ्या लेखी मोठं कारण आहे. पूर्वी एकदा मी सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर एका पोराचा कॉल लावला होता. बाकीचे हसले, आणि तो महिन्याभरात दुसरीकडे निघून गेला.

(रेकॉर्डिंग होत असल्याचं शेतकऱ्याला आधीच सांगितलेलं असावं, हे ओघाने आलंच. काही मोबाईलमध्ये तशी सूचना आपोआप वाजते. नसेल तर पहिल्या वाक्यात सांगायचं. शेतकऱ्याचं नाव-गाव असलेला कॉल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरवायचा नाही.)

दीड मिनिट वाजलं. मी काहीच बोललो नाही. पुन्हा लावलं आणि ‘सांगसु’वर थांबवलं.

‘‘दादा काय म्हणाले?’’

‘‘घरी विचारून सांगतो म्हणाले.’’

‘‘त्यांना काय म्हणायचं असेल?’’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘नको असेल, भाऊ.’’

‘‘कशावरून?’’

आता त्याने तिसऱ्यांदा ते स्वतः लावून ऐकलं. ‘‘नाही... नको असतं तर पाण्याचं एवढं सांगितलं नसतं. विहीर, बोअर, सगळं सांगितलं त्यांनी. काहीतरी अडलंय.’’

ही गोष्ट मी सांगितली असती तर ती माझी राहिली असती. त्याने कॉलमधून स्वतः उचलली म्हणून ती त्याची झाली. पण इथे थांबलो असतो तरी पुन्हा तेच झालं असतं. चूक दिसली म्हणजे सवय सुटली असं होत नाही. मी विचारलं, ‘‘मग खोदून का नाही विचारलंस?’’ त्यावर तो जे बोलला त्याने माझं निदानच बदललं.

‘‘भाऊ, ते माझ्या काकांच्या वयाचे. त्यांनी घरी विचारतो म्हटल्यावर मी काय विचारू, का म्हणून? बरं वाटत नाही ते.’’

मी इतके दिवस याला भिडस्तपणा समजत होतो. भीती समजत होतो. तो तर रीत पाळत होता. मोठ्या माणसाने घरचं नाव काढलं की पुढे बोलायचं नाही, हे त्याच्या घरात शिकवलेलं. अशा पोराला ‘‘जोर लाव, क्लोज कर’’ म्हटलं तर तो दोनच गोष्टी करू शकतो. एक तर ऐकणार नाही, नाहीतर उद्धट होईल. त्याला जोर लावायला शिकवायचं नव्हतं. आदर राखून विचारता येईल असं एक वाक्य हवं होतं.

ते वाक्य मी दिलं नाही. माझ्या तोंडचं वाक्य त्याच्या तोंडात पाठ केल्यासारखं वाजतं, आणि शेतकऱ्याला ते लगेच कळतं. मी म्हणालो, ‘‘तुझे काका हेच म्हणाले असते, तर तू घरी कसं विचारलं असतंस?’’ तो हसला आणि पटकन अहिराणीत बोलला, ‘‘इचारालेच पाहिजे दादा. घरमा काय म्हनतीन?’’ विचारायलाच पाहिजे दादा, घरात काय म्हणतील? पहिल्या अर्ध्यात शेतकऱ्याचं म्हणणं मानलं जातं, दुसऱ्या अर्ध्यात अडचण घरच्यांच्या तोंडून विचारली जाते. शेतकऱ्याला ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ म्हणावं लागत नाही, ‘पोरगा म्हणेल एवढे पैसे आत्ता कुठून’ असं म्हणता येतं. मी वीस वर्षांत याहून चांगलं वाक्य काढलं नसतं.

मग तालीम. हाच भाग लोक गाळतात, कारण तो करताना दोघांनाही लाज वाटते. मी शेतकरी झालो, तो फोनवर. पहिल्यांदा त्याने वाक्य बरोबर म्हटलं आणि लगेच पुढे जोडलं, ‘‘म्हणजे पैशाचं काही आहे का, का सबसिडीचं?’’ मी म्हणालो, ‘‘हो, तसंच काहीतरी.’’ संपलं. प्रश्न विचारून उत्तराचे दोन तुकडे आपणच पुढे केले की समोरचा जवळचा तुकडा उचलतो आणि सुटतो. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. त्याला शांतता सहन होत नव्हती. तेव्हा मी टेबलावर बोटाने चार वेळा ठोकलं, सेकंदाला एक. प्रश्न विचारायचा आणि चार ठोके होईपर्यंत तोंड बंद. फोनवरचे चार सेकंद फार लांब वाटतात, करून बघा. चौथ्या-पाचव्या वेळी जमलं. सहाव्यांदा मी मुद्दाम तिरसट शेतकरी झालो, ‘‘तुला काय करायचं रे घरच्यांशी?’’ त्यावर त्याने शांतपणे ‘‘बरोबर शे दादा, चुकलं,’’ म्हणून पुढच्या फोनचा वार आणि वेळ ठरवून घेतली. हेही लागतं. तिरसट उत्तराची तालीम झाली नाही, तर खरं तिरसट उत्तर पहिल्यांदा आलं की पोरगा जुन्या सवयीकडे परत जातो.

हे सगळं पंचवीस मिनिटांत झालं. उठताना मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. लाईटचा प्रश्न त्याने छान विचारला होता. रात्रीची लाईट असल्याचं कळल्यावर वीज आली की मोटर आपोआप सुरू होण्याची सोय आहे का, हेही त्याने विचारलं होतं. ते मला आवडलं आणि ते पुढेही तसंच कर असं मी म्हणालो. ही काही गोड-कडू-गोड अशी सँडविचची युक्ती नव्हती. तसली स्तुती पोरांना पाठ झालेली असते, ‘छान’ ऐकलं की ती पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतात. चांगलं काय केलं तेही तितकंच नेमकं सांगावं लागतं, नाहीतर ते पुढच्या कॉलला टिकेल की नाही याचा भरवसा नाही.

आता मोजणी. एका छोट्या वहीत दोनच रकाने आखले. पहिल्यात, ‘घरी विचारतो’ किंवा तसलं वाक्य किती वेळा आलं. दुसऱ्यात, त्यावर त्याने विचारून थांबणं किती वेळा केलं. वही तोच भरायचा, मी रोज एक-दोन कॉल ऐकून ताडून बघायचो. पहिल्या आठवड्यात वाक्य नऊ वेळा आलं, त्याने तीन वेळा विचारलं. दुसऱ्या आठवड्यात अकरापैकी सात. मध्ये एक दिवस वहीत तीनपैकी तीन लिहिलेलं होतं आणि मी ऐकलं तर एकातच होतं. मी रागावलो नाही. तो खोटं लिहीत नव्हता. प्रश्न तोंडातून निघाला म्हणून त्याने ‘केलं’ धरलं होतं, चार ठोके थांबलाच नव्हता. दोघांनी मिळून दुसऱ्या रकान्यावर लिहिलं, ‘विचारलं आणि थांबलो’.

या काळात ऑर्डर किती आल्या हे मी त्याच्याशी बोललोच नाही. मालकाला ते आवडलं नव्हतं. पण ऑर्डर पाऊस कसा झाला, केळीचा भाव काय आहे, हातात कापसाचे पैसे आले का, यावरही ठरते. त्या आठवड्यात दोन ऑर्डर वाढल्या म्हणून पोराने नवी रीत धरली, आणि पुढच्या आठवड्यात पाऊस लांबला म्हणून सोडली, तर शिकवलेलं पाण्यात. आधी वागणं बदललं का ते बघायचं, मग पुढच्या फोनची किंवा मापाची वेळ ठरते का ते, आणि ऑर्डर सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी बिघडल्या. एक, तो पोपटासारखा विचारायला लागला. एक शेतकरी बाजार समितीत माल उतरवत होता, मागे हमालांचा गलका ऐकू येत होता, आणि त्याने ‘‘नंतर सांगतो’’ म्हटल्यावरही हा ‘‘घरमा काय म्हनतीन?’’ ते खरंच नंतर सांगणार होते. नवी सवय लागताना ती जिथे नको तिथेही उगवते, हे बहुधा होतंच. त्याला तो कॉल ऐकवला, मागचा आवाज ऐकायला सांगितलं, तेवढं पुरलं. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. मी सकाळचे कॉल ऐकतो हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि सकाळी दहापैकी आठ वेळा जमणारी गोष्ट संध्याकाळी दहातून तीनवर येत होती. शेतकरी तर संध्याकाळीच निवांत बोलतो. मी वेळ न ठरवता, कधी मंगळवारचे चारनंतरचे, कधी शनिवारचे दुपारचे असे कॉल उचलायला लागलो आणि ते त्याला सांगूनही ठेवलं. संध्याकाळी थकवा असतो हे खरंच होतं, म्हणून साडेपाचला चहाची सुट्टी दिली आणि मग पुढचे फोन. आकडा सुधारला, पण पूर्ण बरोबरीला आला नाही.

त्याच आठवड्यातला एक कॉल सांगतो. तोच चोपड्याचा शेतकरी, चार एकर केळीवाला, ठरलेल्या वेळी दुसरा फोन. पुन्हा ‘घरमा इचारीसन’. पोराने विचारलं आणि थांबला. रेकॉर्डिंगमध्ये चार नाही, जवळजवळ सहा सेकंद फक्त कुठेतरी बैलाच्या घुंगरांचा आवाज आहे. मग दादा म्हणाले की सातबारा दोघा भावांच्या नावावर एकत्र आहे आणि भावाचं-यांचं सध्या नीट नाही. अनुदानाचा अर्ज करायला भावाचं संमतीपत्र लागेल, ते मागायचं कसं हा प्रश्न. पैशाचा विषयच नव्हता. आम्ही तोवर त्या माणसाला हप्त्यांची माहिती पाठवत होतो!

पोरगा तिथे थोडा गोंधळला आणि ‘‘होऊन जाईल दादा’’ म्हणाला. हे चुकीचं. अनुदानात आम्ही कोणाला शब्द देऊ शकत नाही. अर्ज महाडीबीटीवर होतो, पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदी करायची नसते, आणि पैसे शेतकऱ्याच्या खात्यात नंतर येतात. पुढच्या बैठकीचा मुद्दा मला तिथेच मिळाला: आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवर ‘होऊन जाईल’ न म्हणता काय म्हणायचं. यातला अर्धा भाग माहितीचा होता म्हणून त्याचा पुठ्ठा केला, उरलेल्या अर्ध्याची तालीम केली.

अशा रीतीने साधारण तीन आठवड्याला एक सवय सुटते. हंगामात तीन, फार तर चार. मालकाला हे फार संथ वाटतं. पण अकरा मुद्दे एका दुपारी सांगून शून्य बदलतात, तो हिशोब मी त्यांना दाखवला आहे.

आणि काही गोष्टी कॉल ऐकून पोराला शिकवायच्याच नसतात. महिन्याच्या शेवटी मी विचारून-थांबलेल्या कॉलमधली खरी कारणं एका कागदावर काढली. सातबारा, पैसे आत्ता नाहीत, मुलगा पुण्याहून आल्यावर ठरवू, अशी होती. त्यात तीन शेतकऱ्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: मागच्या वर्षी शेजाऱ्याकडे तुमचा फिटर ठरल्या दिवशी आलाच नाही, लागवड आठ दिवस लांबली. पोराने तिन्ही वेळा सगळं नीट केलं होतं. त्याच्या वहीत त्याबद्दल काहीच लिहायचं नव्हतं. तो कागद घेऊन मी मालकाच्या खोलीत गेलो, आणि तिथे मात्र चार ठोके थांबायला मलाच जड गेलं.